मेजर गेटवर उभे आहेत आणि गोदामात हिशेबाला माणूस मिळत नाही

आमच्या कर्जत-खालापुरात फौजेतून पेन्शनीत आलेला प्रत्येक माणूस 'मेजर' असतो. शिपाई म्हणून आला तरी मेजर, सुभेदार होऊन आला तरी मेजर. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात एकच हाक, "काय मेजर, कधी आलात?" फौजेतला खरा मेजर म्हणजे अधिकारी, आणि तो आपल्या गावात सहसा सापडत नाही. हवालदार मेजर हा शब्द कधीतरी गावात आला असेल, गावाने त्यातलं पुढचं गाळलं आणि मागचं ठेवलं. यात प्रेम आहे, त्यामुळे तक्रार नाही.

तक्रार दुसऱ्या बाजूची आहे. गावाने सगळ्यांना मेजर केलं, तसं कंपन्यांनी सगळ्यांना 'सिक्युरिटी' केलं. खोपोलीचे कारखाने बघा, पाताळगंगा एमआयडीसी बघा, सावरोली-खारपाडा रस्त्यावरची गोदामं बघा, नाहीतर कर्जत-नेरळकडचे रिसॉर्ट आणि फार्महाऊसच्या स्कीम बघा. फौजी दिसला की त्याची जागा ठरलेली, गेट. तो फौजेत काय करत होता हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. हुद्दा विचारतात, उंची बघतात, संपलं.

मित्रांनो, यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा. घरात, भावकीत कुणी फौजी असेल तर जरूर वाचा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. फौजेत हुद्दा वेगळा आणि नेमणूक वेगळी. हवालदार हा हुद्दा. पण हवालदार काय करतो, हे हुद्द्यावरून कळत नाही. एक हवालदार सेक्शन घेऊन सीमेवर असतो, दुसरा भरती झालेल्या पोरांना शिकवतो, तिसरा ऑफिसात क्लार्क असतो, आणि चौथा कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार असतो, म्हणजे कंपनीच्या सगळ्या सामानाचा धनी. चौघांच्या बाहीवर तीनच फिती. अधिकाऱ्यांचंही तेच. लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा झाला. तो पलटणीचा कारभार बघत होता की मुख्यालयात फायली, ते नेमणुकीवरून कळतं. नागरी नोकरीत ज्याला आपण पोस्ट म्हणतो, ती फौजेतल्या नेमणुकीच्या जवळची गोष्ट आहे. आपण मात्र हुद्द्याचं भाषांतर करत बसतो. हवालदार म्हणजे सुपरवायझर, सुभेदार म्हणजे सिक्युरिटी ऑफिसर, कर्नल म्हणजे जीएम अ‍ॅडमिन. हे भाषांतरच चुकीचं आहे, आणि ते चुकीचं राहण्यात काही जणांचा फायदा आहे.

एक उदाहरण सांगतो. नाव, गाव, कंपनी काहीच देत नाही, कारण माणसाला अजून त्याच भागात नोकरी करायची आहे.

खालापूर तालुक्यातले हे गृहस्थ बारावी करून पायदळात भरती झाले. सव्वीस वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनीत आले. शेवटची पाच वर्षं ते कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते. पायदळाची कंपनी म्हणजे साधारण सव्वाशे माणूस. त्यांचं रेशन, कपडे, बिछाने, तंबू, भांडी, सगळं यांच्या लेजरवर. माल आला की रिसीट व्हाउचर, दिला की इश्यू व्हाउचर. फाटलं-तुटलं ते तसंच फेकायचं नाही. त्यावर बोर्ड बसतो, बोर्डाने निकामी ठरवलं की मगच ते लेजरवरून उतरतं. काही हरवलं तर नुकसानीचं स्टेटमेंट, आणि चूक ज्याची त्याच्या पगारातून वसुली. कंपनी कमांडर बदलला की एकेक वस्तू मोजून हँडिंग-टेकिंग. पाच वर्षांत यांचे दोन कमांडर बदलले आणि दोन्ही वेळा हिशेब जुळला. हे मी त्यांच्याकडून काढून घेतलं, तेसुद्धा चौथ्या भेटीत. स्वतःहून ते एवढंच सांगतात, "क्वार्टर मास्टरमध्ये होतो."

गावी आल्यावर त्यांनी बायोडेटा केला. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने केला. त्यात लिहिलं, 'माजी सैनिक, हवालदार, शिस्तप्रिय, प्रामाणिक, मेहनती.' पाच वर्षं सांभाळलेल्या लेजरबद्दल एक अक्षर नाही. पोराचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. एका एजन्सीने तो कागद बघितला आणि यांना एका मोठ्या गोदामाच्या गेटवर पाठवलं. पद सिक्युरिटी ऑफिसर. घरचे खूश, ऑफिसर झाले म्हणून.

त्या गोदामाच्या आवारात लोखंडी रॅक आणि पॅकिंगच्या पट्ट्यांचा भंगार साठतो आणि दर पंधरा दिवसांनी भंगारवाल्याची गाडी येते. गाडी आधी रिकामी काट्यावर चढते, मग भरून. दोन वजनांतला फरक म्हणजे भंगार, त्याचे पैसे कंपनीला. गेटवर नोंद फक्त गाडीचा नंबर आणि वेळ. आमच्या हवालदारांनी कुणी न सांगता रिकाम्या गाडीचं वजनही रजिस्टरात लिहायला सुरुवात केली. एकच गाडी एकदा ५,२४० किलो, एकदा ५,२६०, आणि तिसऱ्या वेळी ५,४९०. वीस किलोचा फरक डिझेलचा, समजू शकतो. पण २३० किलो? रिकामी गाडी फुगते कशी? त्यांनी पुढच्या खेपेला गाडी काट्यावर चढण्याआधी मागचा पडदा उघडायला लावला. आत पाण्याने भरलेला एक पिंप आणि दोन हमाल बसलेले. रिकाम्या वजनाला हे सगळं गाडीत, भरल्या वजनाला पिंप ओतून रिकामं आणि हमाल खाली. तेवढ्या वजनाचं भंगार फुकट. किलोला तीस रुपये धरले तरी एका खेपेचे ६,९०० झाले, आणि हे किती महिने चाललं होतं कोण जाणे.

मी विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं? म्हणाले, "त्यात काय? रेशनची पोती घेताना आम्ही बारदानाचं वजन वेगळं धरायचो. बारदानात चोरी असतेच."

आता मला सांगा, हे ज्ञान गेटवर उभं राहून सलाम ठोकणाऱ्या माणसाचं आहे का? हा माणूस स्टोअरचा आहे. आणि त्याच गोदामात त्या काळात स्टोअर असिस्टंट मिळत नव्हता, दोन पोरं लागोपाठ सोडून गेली होती. यांनी अर्ज केला. उत्तर आलं, पदवीधर पाहिजे आणि स्टोअरचा पाच वर्षांचा अनुभव पाहिजे. अनुभव होता, पण कागदावर 'हवालदार' होतं. पदवीच्या जागी त्यांनी फौजेकडून मिळालेलं समकक्ष प्रमाणपत्र दाखवलं. एचआरवाल्या मॅडमनी ते परत दिलं.

इथे मला मॅडमना दोष देता येत नाही, आणि आपल्या लोकांना एक कटू गोष्ट सांगावी लागते. दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या सैनिकाला जे पदवी समकक्ष प्रमाणपत्र मिळतं, ते सरकारी नोकरीतल्या गट क च्या पदांसाठी आहे. खासगी कंपनीवर ते बंधनकारक नाही. सत्कार समारंभात माइक हातात घेऊन "आमचे जवान ग्रॅज्युएटच असतात" असं सांगणाऱ्या पुढाऱ्यांनी हा फरक कधी सांगितला नाही. पत्रकारांनीही नाही. मी तर नाहीच. भंगाराची चोरी पकडल्यावर कंपनीने २६ जानेवारीला या हवालदारांना पेढ्यांचा बॉक्स आणि फ्रेम दिली, तेव्हा बातमी मीच केली होती. 'माजी सैनिकाची सतर्कता' असा मथळा, फोटोसकट. पेढे देणाऱ्या साहेबांना 'याला स्टोअरमध्ये का नाही घेत?' हा एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही. जर्नालिझमच्या डिप्लोमात 'का' विचारायला शिकवलेलं असतं, फोटोच्या गडबडीत ते राहून जातं.

आता येऊ त्या 'ऑफिसर' शब्दाकडे, कारण सगळ्यात मोठी फसवणूक त्या शब्दात आहे.

यांची ड्यूटी बारा तासांची, महिन्याला सव्वीस दिवस, हातात २२,००० रुपये. साध्या गार्डला आठ तासांचे समजा १६,५०० आहेत. वरवर बघता ऑफिसरला साडेपाच हजार जास्त. पण हिशेब करा. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर जादा तासांना दुप्पट दर, हा आपल्या कामगार कायद्यांतला जुना नियम. सहा दिवसांचा आठवडा म्हणजे रोजचे आठ तास. वरचे चार तास दुप्पट दराने म्हणजे आणखी आठ तासांचा पगार. म्हणजे रोज बारा तास करणाऱ्या साध्या गार्डला सरळ कायद्याने १६,५०० च्या दुप्पट, ३३,००० मिळायला हवेत. आणि ऑफिसरला मिळतात २२,०००. ऑफिसर या शब्दाची किंमत महिन्याला अकरा हजार, आणि ती भरतो ऑफिसर स्वतः. (जादा तास किती घ्यायचे यालाही कायद्यात मर्यादा आहे, रोज चार-चार तास तर त्यात बसतच नाहीत. पण ते असो.)

हे चालतं कसं? तर कायदा म्हणतो की व्यवस्थापनाचं किंवा देखरेखीचं काम करणाऱ्याला ओव्हरटाइमच्या तरतुदी लागू नाहीत. म्हणून नेमणूकपत्रात 'ऑफिसर', 'सुपरवायझर', 'इन-चार्ज' लिहायचं. माणसाला मान मिळाल्यासारखं वाटतं आणि एजन्सीचा ओव्हरटाइम वाचतो. फौजीवर हे फार सोपं चालतं, कारण त्याला हुद्द्याची किंमत असते. आयुष्यभर त्याने एकेक फीत कष्टाने मिळवलेली असते. त्याला वाटतं, इथेही वरची फीत मिळाली.

पण नुसतं पद लिहून माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर जात नाही. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय की पदाचं नाव नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघायचं. मी हवालदारांना तीन प्रश्न विचारले. तुमच्या हाताखालच्या गार्डची रजा तुम्ही मंजूर करता का? नाही, एजन्सीचा फील्ड ऑफिसर करतो. कुणाला कामावरून काढायचं, कुणाला नोटीस द्यायची, हे ठरवता का? नाही. ड्यूटी कोण लावतं? व्हॉट्सअ‍ॅपवर येते. मग कसली देखरेख? गेटवर बारा तास उभं राहून रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला कागदावर ऑफिसर केलंय, एवढंच. आणखी एक. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ म्हणतो की असे देखरेखीवाले कोण त्याची यादी आस्थापनेने वेबसाइटवर किंवा दिसेल अशा जागी लावली पाहिजे. तुम्ही काम करता तिथे कधी अशी यादी पाहिलीत?

"एवढं अन्यायाचं आहे तर सोडत का नाही?" असं कुणी विचारेल. कारण पेन्शन. घर पेन्शनवर चालतं, वरचे २२,००० पोराच्या फीला. म्हणून तो भांडत नाही. एजन्सीवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. एकाने मला चहा पिताना सांगितलं, "साहेब, फौजी परवडतो. त्याला पेन्शन असते." सरकारच्या पेन्शनवर खासगी एजन्सीचा धंदा उभा आहे.

कंपन्यांची बाजू ऐकली नाही असं नको. खोपोलीकडच्या एका कारखान्यातले अ‍ॅडमिन मॅनेजर माझ्या ओळखीचे. ते म्हणाले, "फौजीला स्टोअरमध्ये घेऊन बघितलं. माल मोजण्यात एक नंबर. पण सिस्टीममध्ये एंट्री करायला घाबरतो, ई-वे बिल म्हणजे काय माहीत नाही, आणि लोकल पोरांना हुकूम सोडतो. पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत." यातलं बरंचसं खरं आहे. पलटणीत सांगितलं की होतं, गोदामात हमालाला समजावून सांगावं लागतं, त्याच्या गावचा सरपंच कोण तेही माहीत असावं लागतं. पण ई-वे बिल आणि कॉम्प्युटरवरची एंट्री महिन्याभरात शिकवता येते. काट्यावरची चोरी ओळखायची नजर महिन्याभरात येत नाही.

अधिकाऱ्यांचं काय, तर त्यांची अडचण कमी आहे, कारण त्यांच्या भाषांतराची सोय केलेली आहे. निवृत्तीच्या सुमारास पुनर्वसन महासंचालनालयामार्फत आयआयएमसारख्या संस्थांत चोवीस आठवड्यांचे कोर्स असतात. तिथे हुद्दा उतरवून नेमणूक कशी मांडायची हे शिकतात. जवानांनाही कोर्स आहेत, फी सरकार भरतं. पण आमच्या हवालदारांना मिळाला तो सिक्युरिटी सुपरवायझरचा. म्हणजे सामानाचा हिशेब ठेवणाऱ्याला सरकारी खर्चाने गेटवर उभं राहायला शिकवलं. लष्करी ट्रेड आणि नागरी काम यांची सांगड घालणारी पुस्तिका याच महासंचालनालयाने काढलेली आहे. सिग्नलवाला, गाडी दुरुस्त करणारा, क्लार्क यांचं त्यातून भागतं. पायदळाच्या साध्या जवानाचं अवघड होतं, कारण त्याचा ट्रेड 'जनरल ड्यूटी', आणि त्याने खरोखर काय सांभाळलं ते नेमणुकीत दडलेलं असतं.

आता हुद्द्याची किंमत आपण कशी करतो त्याचा अजून एक नमुना. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने रावबहादूर वगैरे पदव्या बंद केल्या. अपवाद दोनच ठेवले, विद्येचा आणि सैन्याचा. एवढा मान. आणि कर्जतच्या बाजूला वीकेंडला फेरी मारा. रिसॉर्टच्या गेटवर काळा डगला, तिरकी टोपी, खांद्यावर दोरी, छातीवर बिल्ले लावलेली पोरं दिसतील. काही ठिकाणी तर सरळ फौजेसारखे ठिपक्यांचे कपडे. खासगी सुरक्षा संस्था कायदा, २००५ च्या एकविसाव्या कलमानुसार फौजेच्या किंवा पोलिसांच्या वर्दीसारखा दिसणारा पोशाख गार्डने घातला तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा नोंदवल्याची एक बातमी मी अजून केलेली नाही, कारण मिळालेलीच नाही. खरा फौजी निळ्या शर्टात बारा तास उभा आणि फौजेची नक्कल शेजारच्या गेटवर.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण अग्निवीर. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, पहिली तुकडी जानेवारी २०२३ ला प्रशिक्षणात गेली. चार वर्षं मोजा. योजनेप्रमाणे चारातला एक कायम होणार, तीन घरी येणार. त्यांना सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख मिळतील, पेन्शन नाही. त्यांच्या बायोडेटावर हवालदारसुद्धा नसेल, 'अग्निवीर' असेल, आणि त्या शब्दाचं भाषांतर कुठल्या एचआरला येतंय? चार वर्षांत त्याने रेडिओ सेट चालवला, गाडी सांभाळली की लंगरचा हिशेब ठेवला, हे कागदावर आलं नाही तर त्याच्यासाठीही गेटच आहे. फक्त पंचविशीतल्या, पेन्शन नसलेल्या पोराचं २२,००० वर भागणार नाही.

म्हणून गेल्या महिन्यात हवालदारांना घेऊन बसलो आणि त्यांचा कागद नव्याने केला. हुद्दा एका ओळीत. मग नेमणूक. 'सव्वाशे माणसांच्या कंपनीच्या साहित्याचा पाच वर्षं ताबा. आवक-जावक व्हाउचर, मासिक मोजणी, निकामी मालाची विल्हेवाट. दोन हस्तांतरणांत तूट नाही.' इश्यू व्हाउचरच्या पुढे 'डिलिव्हरी चलन', निकामी बोर्डाच्या पुढे 'स्क्रॅप डिस्पोजल' असं एचआरला कळेल ते लिहिलं. डिस्चार्ज बुकमधल्या कोर्सच्या नोंदी त्यांनी क्षुल्लक म्हणून सोडल्या होत्या, त्या घातल्या. काट्याची गोष्ट आकड्यांसकट टाकली. 'शिस्तप्रिय, प्रामाणिक, मेहनती' काढून टाकलं. ते जरा नाराज झाले, म्हणाले, "ते असू दे ना." मी म्हटलं, ते सगळेच लिहितात.

हा कागद चार ठिकाणी पाठवला. दोन ठिकाणाहून काहीच आलं नाही. एकाने बोलावलं, कॉम्प्युटरची परीक्षा घेतली, त्यात हे अडकले. आता भाचीकडे एक्सेल शिकतायत. चौथ्याचा मेसेज माझ्या फोनवर आहे, "प्रोफाइल चांगलं आहे, पण सध्या सिक्युरिटीची व्हेकन्सी आहे. मेजरना विचारा येतात का."

कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, रसायनी या पट्ट्यात ज्यांच्या नेमणूकपत्रावर 'ऑफिसर' किंवा 'सुपरवायझर' आहे आणि ड्यूटी बारा तासांची आहे, त्यांनी पत्राचा आणि शेवटच्या तीन पगारपावत्यांचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव कुठेही येणार नाही. पुरेसे कागद जमले की ते घेऊन कामगार अधिकाऱ्यांकडे जायचंय, आणि अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही.